बाबांच्या पर्च्याचा फोटो गेला. औषधांची यादी टाइप केली आहे, केमिस्टला दाखवण्याआधी जरा नजर टाका

सुहास_लोकमान्यनगर (शनिवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. आज दुपारी बाबांना इथे इंदूरला पलासियाच्या एका पॉलिक्लिनिकमध्ये दाखवून आणलं. वय ७४. शुगर, बीपी, थायरॉइड, आणि काही वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. डॉक्टरांनी शुगरच्या औषधात काहीतरी बदल केला. मी पर्च्याचा फोटो काढला, खालच्याच मेडिकलमधून औषधं घेतली आणि बाबांना मागे बसवून स्कूटरवर निघालो. गीता भवनच्या चौकात पावसाने गाठलं. खिशातला फोन तेव्हाच गेला. दुरुस्तीवाला म्हणतो बोर्ड जळलाय, आतलं काही मिळेल अशी आशा धरू नका. पर्चा कापडी पिशवीत होता. जेल पेनाने लिहिलेला, त्यामुळे आता त्यावर निळा डाग आणि खाली सही एवढंच उरलंय.

औषधं प्लास्टिकच्या पिशवीत होती म्हणून वाचली. पण मी गॅरेजमध्ये स्कूटर पुसत असताना बाबांनी नवी पाकिटं जुन्या औषधांच्या डब्यात ओतून टाकली. आता कुठलं आजचं आणि कुठलं मागच्या महिन्यातलं, ते कळत नाही. आई महिनाभर ताईकडे नागपूरला आहे. डबा एरवी तीच भरते, पण तिला आधीचंच माहीत. डॉक्टर बुधवारपर्यंत बाहेरगावी.

मला फोटो जसा आठवतो तशी यादी केली आहे. उद्या दुकानात जाऊन "एवढं बरोबर आहे ना?" विचारणार आहे. चालेल ना?

```
1. THYRONORM 50 MG  1-0-0
2. TELMA 40  1
3. GLYCOMET GP 1 1-0-1
4. ECOSPRIN 75  0-0-1
5. PAN D  1
6. VIT D 60K  1
```

मयूर_७७ (शनिवार, रात्री ९.५२)

फोटो गेलाच असं धरू नका. कॉम्प्युटरवर photos.google.com उघडून त्याच खात्याने लॉगिन करा. तिथल्या Trash मध्ये ६० दिवस फोटो राहतात. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला पाठवला असेल तर त्याच्याकडून परत मागवा.

सुहास_लोकमान्यनगर (शनिवार, रात्री १०.०५)

उघडून पाहिलं. बॅकअप बंद होता, शेवटचा फोटो दिवाळीचा आहे. कुणाला पाठवलाही नव्हता. दुकानात कागदच दाखवला होता.

मयूर_७७ (शनिवार, रात्री १०.०८)

मग ६० दिवसांचा काही उपयोग नाही. फोटो आधी वर चढलेला असेल आणि मग डिलीट केला असेल, तरच तो तिथे सापडतो. फोनमध्ये मेमरी कार्ड होतं का? कॅमेरा कार्डवर सेव्ह करत असेल तर कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालून बघा.

सुहास_लोकमान्यनगर (शनिवार, रात्री १०.११)

कार्ड नाही. फोटोचा विषय सोडूया.

स्पष्टवक्ता (शनिवार, रात्री १०.२०)

पर्च्याशिवाय औषधं कशी मिळवायची हे असं उघड विचारणं बरोबर नाही. यातली बरीचशी शेड्यूल एच ची, म्हणजे पर्च्याशिवाय न विकायची औषधं आहेत. केमिस्टला अडचणीत आणू नका.

सुहास_लोकमान्यनगर (शनिवार, रात्री १०.२४)

अहो, औषधं घरात आहेत. विकत घेऊन झाली आहेत. कोणती, किती आणि कधी द्यायची, एवढाच प्रश्न आहे.

जुना_केमिस्ट (शनिवार, रात्री १०.५०)

सुहास, दवा बाज़ारात आणि मग स्वतःच्या दुकानात मिळून माझी उभी हयात गेली आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

ही यादी दुकानात दाखवू नकोस. काउंटरवर गर्दी असताना तू कागद पुढे करून "बरोबर आहे ना" विचारलंस, तर दहापैकी आठ माणसं वरून खाली नजर फिरवतील आणि "हो, बरोबर" म्हणतील. नावं ओळखीची आहेत, आकडे नेहमीचे आहेत, डोळ्याला काही खटकत नाही. मीही असं म्हटलेलं आहे. त्यामुळे आधी त्याला त्याच्या कॉम्प्युटरवरचं बिल काढायला सांग आणि ते मोठ्याने वाचायला लाव. तू तुझी यादी हातात ठेवून ऐक आणि खुणा कर. त्याने वाचून झाल्यावर मगच फरक विचार.

आता यादी. तिसरी ओळ बघ. जीपी च्या पुढचा १ म्हणजे त्या गोळीत ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम आहे. गोळ्या किती घ्यायच्या त्याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. याच नावाची जीपी २ पण येते. तू सगळं एका रेघेत लिहिल्यामुळे ताकद आणि वेळ एकमेकांत मिसळली आहे. डॉक्टरांच्या अक्षरातही हेच होतं. ताकद नावाला चिकटून लिही आणि वेळ खालच्या ओळीवर शब्दांत लिही.

पहिल्या ओळीत ५० मिलिग्रॅम लिहिलं आहेस. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते, म्हणजे तू हजारपट लिहिलंस. एवढ्या ताकदीची गोळीच नसते, म्हणून केमिस्ट लगेच पकडेल. पण उद्या हीच यादी कुणी दुसऱ्याने वाचली तर? बाटलीवर जे एकक छापलंय तेच उतरव.

सहावी ओळ मला सगळ्यात जास्त खटकते. व्हिटॅमिन डी ६०,००० साधारणपणे आठवड्यातून एकदा देतात. रोजच्या गोळ्यांच्या रांगेत नुसता "१" लिहिला की तीही रोजची होऊन बसते. सांधेदुखीवर मेथोट्रेक्सेट देतात, तीही आठवड्यातून एकदाच. ती चुकून रोज घेतल्यामुळे माणसं दगावल्याच्या नोंदी जगभर आहेत. आठवड्याचं औषध यादीच्या तळाशी, वेगळं, वारासकट लिहावं.

आणि ओळींना १, २, ३ असे क्रमांक देऊ नकोस. क्रमांकाचा आकडा गोळ्यांच्या आकड्यासारखा दिसतो. हवं तर अ, आ, इ घाल.

पण यापेक्षा महत्त्वाचं सांगतो. प्रत्येक ओळीपुढे लिही की हे तुला कुठून कळलं: पाकिटावरून, दुकानाच्या बिलावरून की आठवणीवरून. जे माहीत नाही तिथे "माहीत नाही" असंच लिही. रिकामी जागा आठवणीने भरायची नाही. आठवण तुझी आहे की आईच्या जुन्या डब्याची आहे, हे तुलाही सांगता येणार नाही.

अदिती_बडोदा (शनिवार, रात्री ११.०२)

मी एका सोप्या हिशेबाने हे करते. बिलावरच्या गोळ्या भागिले दिवस. डॉक्टरने महिन्याचं लिहिलं असेल आणि ६० गोळ्या असतील तर रोज दोन, ३० असतील तर एक. सासूबाईंचं सगळं असंच लावते. आणि ओडी लिहिलं असेल तर सकाळी, बीडी असेल तर सकाळ-संध्याकाळ.

जुना_केमिस्ट (शनिवार, रात्री ११.१५)

अदिती, हिशेब कामाचा आहे, पण तो शेवटी वापरायचा. दुकानात अख्ख्या स्ट्रिप देतात. पंधराच्या दोन स्ट्रिप म्हणजे कधी महिनाभर रोज एक असते, तर कधी गिऱ्हाईक म्हणालेलं असतं, "आत्ता पंधरा दिवसांचीच द्या." थायरॉइडची तर अख्खी बाटली देतात, तिच्यावरून काहीच कळत नाही. घरी थोड्या शिल्लक आहेत म्हणून कमी घेतल्या, असंही होतं. हिशेबाने शंका काढता येते, उत्तर मिळत नाही.

आणि ओडी म्हणजे दिवसातून एकदा, एवढंच. ते सकाळीच असं नाही. अँजिओप्लास्टीवाल्यांची कोलेस्टेरॉलची गोळी ओडीच असते, पण बहुतेक डॉक्टर ती रात्री देतात.

पंत (शनिवार, रात्री ११.२१)

डॉक्टरांनी औषधाचं नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असा नियम मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्येच केला आहे. कुणाला सांगायचं?

आणि एक. केमिस्टला रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. तिथून पर्च्याची नक्कल मिळून जाईल. एवढा खटाटोप कशाला?

जुना_केमिस्ट (शनिवार, रात्री ११.३०)

पंत, ते रजिस्टर शेड्यूल एच-१ चं. त्यात काही अँटिबायोटिक, टीबीची औषधं, झोपेच्या गोळ्या वगैरे येतात. सुहासच्या यादीतलं एकही त्यात बसत नाही. आणि बसलं असतं तरी त्यात डॉक्टरचं नाव, रोग्याचं नाव, औषध आणि संख्या एवढंच लिहितात. सकाळी की रात्री हे तिथे नसतं. नेहमीच्या औषधांचा पर्चा दुकानदार बघून परत देतो, नक्कल ठेवत नाही.

सुहास, बिल घेतलं होतंस का?

सुहास_लोकमान्यनगर (शनिवार, रात्री ११.३४)

नाही काका. यूपीआयने पैसे दिले आणि निघालो. दुकान नेहमीचं नाही, आमचं नाव-नंबर त्यांच्याकडे असेल असं वाटत नाही.

जुना_केमिस्ट (शनिवार, रात्री ११.३९)

मग बँकेच्या अ‍ॅपमध्ये तो व्यवहार काढ. रक्कम आणि वेळ मिनिटापर्यंत मिळते. त्या वेळेचं, त्याच रकमेचं बिल दुकानदाराला काढता येतं. आत्ता घरात बसून एवढं कर: डब्यातली प्रत्येक स्ट्रिप उलटी करून मागचा मजकूर वाच. पुढचं नाव कापलं गेलं असलं तरी मागे बारीक अक्षरात प्रत्येक गोळीत काय आणि किती हे छापलेलं असतं.

शुगरच्या गोळीबद्दल मी इथे काही सांगणार नाही. सकाळी क्लिनिकला फोन कर. मोठे डॉक्टर नसले तरी त्यांच्या जागी कुणीतरी बसत असेल, आणि त्यांच्याकडे बाबांची फाइल असेल. रात्रीतून बाबांना घाम फुटला, थरथरलं, असंबद्ध बोलायला लागले, तर साखर तपास आणि सरळ दवाखाना गाठ.

मंजिरी_ग्वाल्हेर (रविवार, सकाळी ७.१०)

विषयाला सोडून आहे, पण थायरॉइडवरून आठवलं. आमच्या आईला इथल्या लष्कर भागातल्या डॉक्टरांनी कॅल्शियम सुरू केलं. ती दोन्ही गोळ्या सकाळी एकदमच घेते, म्हणते एकदाच पाणी प्यायलं की झालं. तीन महिन्यांनी थायरॉइडचा रिपोर्ट बिघडला, डोस वाढवला. हे त्यामुळेच झालं असेल का?

जुना_केमिस्ट (रविवार, सकाळी ७.४४)

असू शकतं. कॅल्शियममुळे थायरॉइडची गोळी पोटात नीट शोषली जात नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर गेलं तर बरं. पण डोस आता वाढवलेला आहे. नुसती वेळ बदलून तोच डोस चालू ठेवला तर तो जास्त होऊ शकतो. डॉक्टरांना हे कारण सांगून मगच बदल करा.

सुहास_लोकमान्यनगर (रविवार, सकाळी ८.३०)

काकांनी सांगितल्याप्रमाणे डबा टेबलावर उलटा केला. आत शुगरची तीन तऱ्हेची पाकिटं निघाली: जीपी १, जीपी २, आणि एक साधी ग्लायकोमेट ५०० एसआर. मला वाटलं साधी कधीचीतरी पडलेली असेल. बीपीची स्ट्रिप कात्रीने कापलेली, नावाचं टोक गेलेलं. मागे वाचलं तर टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५. म्हणजे मी लिहिलेली टेल्मा ४० नाही, टेल्मा एएम आहे. ही तरी पक्की झाली ना?

जुना_केमिस्ट (रविवार, सकाळी ८.४१)

डब्यात ती आहे, एवढं पक्कं झालं. कालच्या पर्च्यावर तीच होती, हे अजून झालं नाही. जुन्या स्ट्रिपवरून जुना पर्चा कळतो. कापलेल्या स्ट्रिपवर बॅच नंबर शिल्लक असेल तर दुकानात बिलाशी ताडून बघ. बॅच जुळली तर ती कालच्या खरेदीतली धरायला हरकत नाही.

अदिती_बडोदा (रविवार, सकाळी ८.५५)

साधी ग्लायकोमेट काढून टाका ना. जीपी मध्ये मेटफॉर्मिन आधीच आहे, मग परत वेगळी कशाला देतील? चुकून दोनदा होईल.

जुना_केमिस्ट (रविवार, सकाळी ९.०३)

काढू नका! दुहेरी होतंय का ही शंका अगदी रास्त आहे, ती विचारायलाच हवी. पण सकाळी जोडगोळी आणि रात्री नुसती मेटफॉर्मिन असं डॉक्टर मुद्दाम देतातही. बिल बघितल्याशिवाय काही ठरवू नका.

सुहास_लोकमान्यनगर (रविवार, दुपारी २.१५)

जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

दुकान साडेदहाला उघडलं. काउंटरवरच्या मुलाने लगेच माझा कागद मागितला. मी म्हटलं, आधी तुम्ही बिल काढा. यूपीआयची वेळ ४.५२ आणि रक्कम सांगितली. बिल मिळायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मग मागे बसलेल्या फार्मासिस्ट बाई आल्या. बिल त्यांनी एकेक ओळ वाचलं आणि मी खुणा करत गेलो.

थायरोनॉर्म ५० ची एक बाटली. टेल्मा एएम, तीस गोळ्या, आणि बॅच माझ्या कापलेल्या स्ट्रिपशी जुळली. पुढची ओळ ग्लायकोमेट जीपी २, तीस. त्याच्या खाली ग्लायकोमेट ५०० एसआर, तीस. म्हणजे साधी गोळी जुनी नाही, कालचीच आहे. जीपी १ बिलावर कुठेच नाही, ती मागच्या महिन्याची उरलेली.

मग इकोस्प्रिन. बाई म्हणाल्या, "इकोस्प्रिन एवी पचहत्तर, कैप्सूल." मी म्हटलं माझ्या यादीत नुसती इकोस्प्रिन ७५ आहे. त्यांनी विचारलं, "बाबूजी रात को गोली लेते हैं या कैप्सूल?" कॅप्सूल, हे मला नक्की आठवत होतं, कारण ती त्यांच्या घशात अडकते म्हणून आई केळ्याबरोबर देते. नुसती इकोस्प्रिन ७५ गोळीत येते. एवी कॅप्सूलमध्ये येते आणि त्यात कोलेस्टेरॉलचं औषधही असतं. मी जसं लिहिलं होतं तसं कुणी उद्या आणलं असतं, तर कोलेस्टेरॉलचं औषध कधी बंद पडलं ते घरात कुणाला कळलंही नसतं.

पॅन डी पंधरा. व्हिटॅमिन डी चार कॅप्सूल.

नंतर मी वेळा विचारल्या. तिथे बाईंनी हात वर केले. म्हणाल्या, नाव, ताकद आणि संख्या मी लिहून देते, त्यावर शिक्काही मारते. पण कधी घ्यायची ते पर्च्यावर होतं आणि पर्चा तुम्ही घेऊन गेलात. जीपी २ रोज एक की दोन, हे मी अंदाजाने सांगणार नाही.

पंत (रविवार, दुपारी २.२८)

घरोघरी हेच कापलेल्या स्ट्रिपचं दुखणं. एक्सपायरी नेमकी कापलेल्या तुकड्यावर असते.

जुना_केमिस्ट (रविवार, दुपारी २.३५)

त्या बाईंनी बरोबर केलं. ज्याने अंदाजाने सांगितलं असतं त्याच्याकडे परत जाऊ नकोस असंच मी म्हणालो असतो.

सुहास, आता सांग: बाबांना गेल्या महिन्यात रात्री किंवा पहाटे काही त्रास होत होता का? डॉक्टरांना काय सांगितलंत?

सुहास_लोकमान्यनगर (रविवार, दुपारी २.४०)

हो. पहाटे तीन-चारला दरदरून घाम येतो, बनियन भिजतं, उठून बिस्किटं खातात. ते सांगायलाच गेलो होतो. तुम्हाला कसं कळलं?

जुना_केमिस्ट (रविवार, दुपारी २.५८)

बिलावरून शंका आली. आधी जीपी १ सकाळ-संध्याकाळ होती, बरोबर? म्हणजे दिवसभरात ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन १०००. आता जीपी २ रोज एक आणि साधी ५०० रोज एक असेल, तर बेरीज तितकीच होते: ग्लिमेपिराइड २, मेटफॉर्मिन १०००. फक्त साखर खाली ओढणारं ग्लिमेपिराइड रात्रीतून काढून सगळं सकाळी आणलेलं आहे. पहाटेच्या घामाला हे उत्तर पटण्यासारखं आहे.

आणि तुझी जुनी आठवण तशीच धरली असती, म्हणजे गोळी नवी आणि वेळ जुनी, जीपी २ सकाळ-संध्याकाळ, तर ग्लिमेपिराइड दुप्पट झालं असतं. ज्या माणसाला पहाटे साखर उतरल्याची शंका आहे त्याला!

पण हा माझा तर्क आहे. अदितीला जे सांगितलं तेच मलाही लागू. क्लिनिकमध्ये विचार.

सुहास_लोकमान्यनगर (रविवार, संध्याकाळी ६.२०)

क्लिनिक रविवारी दुपारपर्यंतच असतं, पण सकाळी फोन करून निरोप ठेवला होता. आत्ता तिथल्या सहायक डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्यासमोर कॉम्प्युटरवर कालची नोंद होती. मी पुन्हा तेच केलं: आधी त्यांना वाचू दिलं, मग माझं वाचून दाखवलं, आणि त्यांनी प्रत्येक ओळीला हो म्हटलं.

काकांचा तर्क बरोबर निघाला. जीपी २ सकाळी नाश्त्याच्या आधी एक. साधी ५०० एसआर रात्री जेवणानंतर एक. एवी कॅप्सूल रात्री. व्हिटॅमिन डी दर रविवारी, चार आठवडे, मग बंद.

पॅन डी चं मात्र अडलं. नोंदीत रोज सकाळी उपाशीपोटी एक असं आहे, पण किती दिवस ते लिहिलेलं नाही. बिलावर पंधरा गोळ्या. सहायक डॉक्टर म्हणाल्या सध्या चालू ठेवा, बुधवारी सरांना विचारा.

ही नवी यादी. वेळा हिंदीत लिहाव्यात का, दुकानदारासाठी?

```
अ) THYRONORM 50 MCG TAB
   रोज सकाळी उठल्यावर 1, उपाशीपोटी
   [बाटली, दुकान, क्लिनिक]
आ) PAN-D CAP
   रोज सकाळी उपाशीपोटी 1
   किती दिवस: माहीत नाही, बुधवारी विचारणे
   [दुकान, क्लिनिक]
इ) GLYCOMET-GP 2 TAB
   रोज सकाळी नाश्त्याआधी 1, रात्री नाही
   [दुकान, क्लिनिक]
ई) TELMA-AM TAB (40 MG + 5 MG)
   रोज सकाळी नाश्त्यानंतर 1
   [स्ट्रिप+बॅच, दुकान, क्लिनिक]
उ) GLYCOMET 500 SR TAB
   रोज रात्री जेवणानंतर 1
   [दुकान, क्लिनिक]
ऊ) ECOSPRIN-AV 75 CAP
   रोज रात्री जेवणानंतर 1
   [दुकान; वेळ क्लिनिक]

आठवड्यातून एकदाच:
VITAMIN D3 60,000 IU CAP
   फक्त रविवारी 1, एकूण 4 रविवार
   [दुकान, क्लिनिक]
```

जुना_केमिस्ट (रविवार, संध्याकाळी ६.४५)

आता ही दाखवण्यासारखी झाली. वेळा मराठीतच ठेव. इथल्या कुठल्याही मेडिकलवाल्याला "सकाळी" कळतं, आणि यादी मुळात घरातल्यांसाठी आहे. नावं मात्र अशीच पाकिटावरच्या स्पेलिंगने. देवनागरीत लिहिली की प्रत्येकाचा उच्चार वेगळा, आणि शेवटचं एएम, एच, एवी हे शेपूट हमखास गळतं. आकडे इंग्रजी ठेवलेस तेही बरं केलंस. हाताने लिहिलेला देवनागरी १ आणि ९ घाईत सारखे दिसतात.

दोन गोष्टी राहिल्या. इकोस्प्रिनच्या ओळीत एवी ७५ च्या पुढे आतला दुसरा आकडाही लिही. कोलेस्टेरॉलचं औषध त्यात १० चं येतं आणि २० चंही येतं. स्ट्रिपच्या मागे बघ. आणि वर बाबांचं नाव, तारीख आणि "२ तारखेच्या पर्च्यावरून" असं काहीतरी घाल, म्हणजे पुढच्या महिन्यात बदल झाला की ही यादी जुनी आहे हे कळेल.

मयूर_७७ (रविवार, संध्याकाळी ६.५८)

फोनवर टाइप करताना स्पेलिंग सुधारणारी सोय बंद करा. मी आत्ता तुमची यादी कॉपी न करता हाताने मारून बघितली, तर कीबोर्डने TELMA चं Tell ma केलं आणि GP च्या पुढची जागा खाऊन टाकली. Gboard च्या सेटिंगमध्ये Auto-correction आहे, ते बंद करा. आणि पाठवल्यावर एकदा पाकीट समोर धरून वाचा, टाइप करताना नाही.

सुहास_लोकमान्यनगर (रविवार, संध्याकाळी ७.३०)

काका, स्ट्रिपच्या मागे १० आहे. घातलं. मयूर, माझ्याकडे आत्ता बायकोचा फोन आहे, त्यात ते आधीच बंद होतं, थोडक्यात वाचलो.

स्पष्टवक्ता (रविवार, संध्याकाळी ७.४१)

यादी चांगली झाली. पण ती दाखवून पुढच्या महिन्यात औषध मागू नका. सहीचा पर्चा नसताना शेड्यूल एच चं औषध देता येत नाही, टाइप केलेला कागद म्हणजे पर्चा नव्हे.

पंत (रविवार, संध्याकाळी ७.५०)

नियम तसा आहे. पण बीपीची गोळी संपली आणि डॉक्टर गावाला, तर माणसाने गोळी बंद ठेवायची का? आमचा मेडिकलवाला दहा गोळ्या देतो आणि बिलावर डॉक्टरचं नाव घालतो.

जुना_केमिस्ट (रविवार, रात्री ८.०५)

पंत, मीही दिल्या आहेत आणि दर वेळी मनात धाकधूक राहिली आहे. यावर आमच्या असोसिएशनच्या चहालाही एकमत होत नसे, इथे काय होणार. सुहासने बुधवारी नवा पर्चा घ्यावा, नुसतं विचारून येऊ नये. त्याच वेळी पॅन डी किती दिवस ते लिहून घ्यावं.

सुहास, जीपी १ ची उरलेली पाकिटं डब्यातून बाहेर काढलीस का?

सुहास_लोकमान्यनगर (रविवार, रात्री ८.१२)

काढली, वरच्या फळीवर ठेवली. बाबा म्हणतात दोन घेतल्या की एक जीपी २ होतेच ना, मग पैसे वाया कशाला घालवायचे.

जुना_केमिस्ट (रविवार, रात्री ८.१९)

दोन जीपी १ मध्ये ग्लिमेपिराइड २ होईल, पण मेटफॉर्मिन ५०० च्या जागी १००० जाईल. ते गणित बाबांना दाखव. न फोडलेल्या स्ट्रिप मागच्या महिन्याच्या बिलासकट नेहमीच्या दुकानात घेऊन जा. काही जण बदलून देतात, काही देत नाहीत.

मंजिरी_ग्वाल्हेर (रविवार, रात्री ९.०२)

आमच्याकडे तर अजिबात परत घेत नाहीत. लष्करमधलं कुठलं दुकान घेतं कुणाला माहीत आहे का?